थकवा की चुकलेलं क्षेत्र? रजेवर अडलेलं उत्तर

सीए फर्ममध्ये काम करणाऱ्याने सप्टेंबरात 'हे क्षेत्रच माझं नाही' असं ठरवू नये. ३० तारखेला टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत, महिन्याभराने त्याच क्लायंट्सची रिटर्न्स, शिवाय दरमहा ७ ला टीडीएस, ११ ला विक्रीचं जीएसटी रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरण्याचं रिटर्न ३बी. त्या दिवसांत आकडे कुणालाही नकोसे होतात. मलाही झाले, आणि मी थेट बी.एड.ची चौकशी करून आले.

सुरुवात सोपी होती. वहीत पंधरा कामाचे दिवस टिपले: काय केलं, किती वेळ, कुणामुळे, आणि उठताना अंगात जीव होता की नाही. दिवसाला गुण देऊ नका, कामाला द्या. 'दिवस वाईट गेला' यातून काहीच कळत नाही. माझ्या वहीत खरेदीची नोंदवही जीएसटी पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या तपशिलाशी जुळवण्याला शून्य होतं, बिलांसाठी क्लायंटला पाचव्यांदा फोन करण्याला उणे. पण रिटर्नमधल्या तफावतीबद्दल जीएसटी खात्याकडून आलेल्या एएसएमटी-१० नोटिशीचं उत्तर लिहायला रात्री आठला बसले, तरी अधिक. हे विचित्र वाटलं, पण थकलेल्या माणसाच्या वहीवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. त्यासाठी रजा लागते, आणि गाडी तिथेच रुतली.

अर्ज ऑगस्टमध्ये दिला, दहा दिवसांचा. 'आता कुठे, ऑडिट होऊ दे.' ठीक. मग सरकारने मुदतवाढ दिली. बाहेरच्यांना वाटतं मुदतवाढ म्हणजे दिलासा. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की क्लायंट कागद आणखी उशिरा देतो आणि मंजूर होत आलेली रजा पुन्हा पुढे जाते. नंतर साहेब म्हणाले, 'दिवाळीची सुट्टी आहेच की.' दिवाळीची सुट्टी या कामाला निरुपयोगी आहे. साफसफाई, फराळ, पाहुणे. त्यात आणि ऑफिसात दमण्याचा प्रकार तेवढा वेगळा. त्यानंतर 'पाच दिवस घे, लॅपटॉप जवळ ठेव' अशी तडजोड आली. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. पहिले तीन-चार दिवस नुसती झोप भरून निघते, डोकं मोकळं होतं ते त्यानंतर. पाचव्या दिवशी परत आलात तर मोजायचं ते सुरूच झालेलं नसतं. लॅपटॉप जवळ असेल तर कान फोनकडे राहतात, मग घरी आहात की ऑफिसात, फरक काय?

शेवटी मी अर्ज बदलला. 'विश्रांतीसाठी' खोडून २१ तारखेपासून पुढचे दहा दिवस मागितले, म्हणजे ३बी भरून झालेलं आणि पुढचा ७ लांब. सोबत माझे क्लायंट, त्यांचं काय बाकी आहे आणि कोण बघेल याचा एक पानी तक्ता जोडला. दोन दिवसांत सही झाली. तीन महिने कारणं सांगण्यात घालवले, तक्ता आधी सुचला असता तर! मधल्या काळात राजीनामा टाईप करून ठेवला होता, तो पाठवला नाही याचं आजही बरं वाटतं.

रजेत निर्णय घ्यायचा नाही, फक्त बघायचं. आठव्या दिवशी इनपुट क्रेडिटवरचा हायकोर्टाचा एक निकाल मी कुणी न सांगता शेवटपर्यंत वाचला. क्षेत्र चुकलेलं असतं तर विश्रांतीनंतर बाकी सगळ्यात उत्साह आला असता आणि याच विषयाकडे पाठ राहिली असती. वहीतही, काम सोपं असून कौतुक झालेल्या दिवशीसुद्धा उणेच पडलं असतं. आणखी एक खूण: क्षेत्र चुकलेल्याला चांगल्या टीममधला, सुरुवातीचा एकही बरा काळ आठवत नाही. आर्टिकलशिपचं, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणाचं, दुसरं वर्ष मला चांगलं आठवतं.

परतल्यावर ताजंतवानं वाटणं हा मात्र पुरावा नव्हे. वही आणखी दोन आठवडे चालू ठेवली. दुसऱ्या आठवड्यात उणे परतले, सगळे रात्री दहानंतरच्या फोनांसमोर. म्हणून बी.एड. नाही, नोकरी बदलली. एका कंपनीच्या टॅक्स विभागात गेले.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: वही सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी१२ तपासून घ्या. माझं बी१२ कमी निघालं, म्हणजे काही थकवा ऑफिसच्या खात्यावर उगाच पडला होता. आणि कामच नव्हे, जेवण, माणसं, आवडती मालिका, सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बेचव लागत असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा; १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावरही बोलता येतं.

मुलाखतीत पगाराआधी मी विचारलं, '२० तारखेला मी आजारी असले तर ३बी कोण भरतं?' आधीच्या एका ठिकाणी यावर हसले होते. इथे मॅनेजरने दोन माणसांची नावं सांगितली.