आमची वाटचाल: ०.५ आणि ०.०० चा घोळ

कोथरूडला दोन खोल्यांत आमचं ऑफिस, आम्ही चौघं, काम म्हणजे कॉलेजांना मूडल, म्हणजे असाइनमेंट ऑनलाइन जमा करायची प्रणाली, बसवून देणं आणि ते सांभाळणं. २०२३ मध्ये एका कॉलेजमधल्या मॅडम म्हणाल्या, मुलं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून आणतायत, बघा काहीतरी. मग आम्ही मजकूर मशीनने लिहिलाय का याचा ० ते १ स्कोअर देणाऱ्या एका डिटेक्टरचा एपीआय जोडला, रोज रात्री दोनला आपोआप चालणारा क्रॉन लावला, दिवसभराचे सबमिशन बॅचने जायचे आणि स्कोअर ०.५ च्या वर गेला की लाल खूण. ०.५ च का, तर मधला आकडा म्हणून, खोटं कशाला बोला.

पंधरा दिवसांत मॅडमचा फोन. "अहो, ही मुलगी माझ्यासमोर लॅबमध्ये बसून लिहीत होती, तिला लाल कसं?" उत्तर नव्हतं आमच्याकडे. मग सर्व्हरवरची २०२१ ची ४०० सबमिशन काढली, तेव्हा चॅटजीपीटी आलंच नव्हतं म्हणजे सगळी माणसाचीच, आणि डिटेक्टरला दिली. ०.५ ला ३८ लाल! बहुतेक प्रॅक्टिकलचे राइटअप, तेच ते Aim, अ‍ॅपरेटस, प्रोसिजर, साचेबद्ध इंग्रजी. ०.९ वर नेलं तर ५ उरले. त्यात थोडं बदलून आणणारे सुटतात हे माहितीये, पण निर्दोष पोराला पकडण्यापेक्षा ते परवडलं. शिवाय लाल खूणच काढली, आता ०.९ च्या वरचं फक्त मॅडमच्या रिव्ह्यू रांगेत जातं, त्या मुलाला बोलावून दोन प्रश्न विचारतात, जुनं लिखाण बघतात, मग ठरवतात. मार्कांना स्कोअर जोडलेलाच नाही.

खरा घोळ नंतर सापडला. स्कोअरचा ग्राफ काढला तर बरोब्बर ०.०० वर एक उंच खांब. डिटेक्टर ०.०१, ०.०३ असं देतो, नेमकं शून्य इतक्यांना कसं? बघितलं तर शेवटच्या तारखेला सबमिशनचा लोंढा, एपीआय 429 देतोय म्हणजे हळू पाठवा म्हणतोय, आमचा कोड तीनदा लगेच लगेच प्रयत्न करून गप्प बसतोय, आणि डेटाबेसच्या कॉलमची डिफॉल्ट व्हॅल्यू शून्य. म्हणजे न तपासलेले पेपर "स्वच्छ" म्हणून पास, आणि नेमके शेवटच्या रात्रीचे!

आता स्कोअर नसेल तर null म्हणजे रिकामाच राहतो, स्टेटस वेगळं, आणि रिट्राय दरवेळी दुप्पट थांबून. लॉगमध्ये स्कोअरसोबत मजकुराचा हॅश म्हणजे त्याचा ठसा, त्या वेळचा थ्रेशोल्ड म्हणजे ०.९ सारखी सीमा आणि डिटेक्टरचं व्हर्जन जातं, कारण डिटेक्टरवाल्याने मॉडेल बदललं की तोच पेपर वेगळा स्कोअर घेतो आणि मुलाने विचारलं तर दाखवायला काहीतरी लागतं ना.

सोमवारी मॅडमचा परत फोन, "यादीत 'तपासलं नाही' असे एकदम ६२ कुठून आले?"

"होतेच मॅडम, आधी दिसत नव्हते."