शुद्ध केलं आणि यंत्राचं ठरलं

आज फार वाईट वाटलं. चार रात्री जागून लिहिलेला माझा इंग्रजी निबंध एआय डिटेक्टरमध्ये ११ टक्के यंत्राने लिहिलेला दाखवत होता. व्याकरणाच्या टूलमधून काढल्यावर ६४! दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा कारण कळलं. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर असे डिटेक्टर बरंच काही ठरवतात. टूलने माझे आडवळणाचे शब्द काढून सरधोपट घातले होते, लांब वाक्यं तोडून एका मापाची केली होती. मग स्पेलिंग आणि स्वल्पविरामाच्या दुरुस्त्या तेवढ्या ठेवल्या, वाक्यं बदलणाऱ्या सूचना काढून टाकल्या. आकडा १९ वर आला. जुने मसुदे तारखांसकट जपून ठेवलेत, कुणी शंका घेतली तर दाखवायला.