चहा-वडापावचा आलेख, नोंद ४: दोन छेदबिंदू एक होतात तेव्हा

गेल्या नोंदीत अंदाजपत्रक रेषेपर्यंत, म्हणजे सगळे पैसे संपतील अशा चहा-वडापावच्या जोड्यांच्या रेषेपर्यंत आलो होतो. आठवड्याचे २४० रुपये, कटिंग १० रुपयांना, वडापाव २०ला. आडव्या अक्षावर चहा, उभ्यावर वडापाव. या वेळी जिओजेब्रा या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये समवृत्ती वक्र घातला:

```
10x + 20y = 240
x*y = k
```

`k`ला स्लायडर लावला. एका वक्रावरचा कुठलाही बिंदू मला सारखाच पसंत, आणि `k` जितका मोठा तितकं समाधान जास्त. (पसंती गुणाकारानेच का मोजायची? हिशोब सोपा जातो म्हणून, बाकी काही नाही.)

`k = 64`ला वक्र रेषेला दोन ठिकाणी कापतो: १६ चहा-४ वडापाव आणि ८ चहा-८ वडापाव. पहिल्या ठिकाणी बराच वेळ थांबलो. तिथे वक्राचा उतार एक चतुर्थांश आहे, म्हणजे एका वड्यासाठी मी साधारण चार चहा सोडायला तयार. दुकानदार मात्र दोनच मागतो! मग अदलाबदल का करू नये? दुसऱ्या ठिकाणी उलट: एका चहासाठी मी जवळजवळ एक वडा देईन, बाजारात अर्ध्याच्या बदल्यात चहा मिळतो. म्हणजे दोन्हीकडून पाय आतच वळतात.

स्लायडर सरकवत गेलो तसे दोन्ही छेदबिंदू एकमेकांकडे सरकले आणि `k = 72`ला एकच झाले: १२ चहा, ६ वडापाव. तिथे वक्राचाही उतार अर्धा आणि रेषेचाही, त्यामुळे अदलाबदलीत मिळवण्यासारखं काही उरत नाही. ७३ केल्यावर वक्र रेषेपासून सुटलाच. तेवढ्या समाधानाला पैसे पुरत नाहीत. कागदावरही पडताळलं. रेषेतला y वक्रात घातला की `x² − 24x + 2k = 0` येतं आणि दोन्ही मुळं समान होतात ती `k = 72`लाच.

मग एक फजिती. गंमत म्हणून `x^2 + y^2 = k` घातलं. ११५.२ला सुंदर स्पर्श, ४.८ चहा आणि ९.६ वडापाव. उत्तर मिळालं म्हणून खूश झालो, पण स्लायडर पुढे ढकलला तरी वक्र रेषेला कापतच होता. २४ चहा आणि वडापाव शून्य घेतले तर `k` थेट ५७६! हा वक्र बाहेरच्या बाजूला फुगतो, त्यामुळे रेषेवरचा सर्वांत वाईट बिंदू मी सर्वोत्तम समजून बसलो होतो. आता स्पर्श दिसला की `k` थोडा वाढवून बघतो. रेषा सुटली तरच तो बिंदू खरा.

`x + y = k`ला तर स्पर्शबिंदू सापडतच नाही. दोन्ही सरळ रेषा, उतार वेगळे, उत्तर थेट कोपऱ्यात: सगळे पैसे चहावर. पुढच्या वेळी वडापाव २५चा करून रेषा फिरवणार.