मंगळवार, पहाटे ३:१४:०७

ग्रहणं सोडली तर सेकंदासकट इतक्या आधीपासून ठरून बसलेली गोष्ट मला दुसरी माहीत नाही. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. त्यापुढच्या सेकंदाला, जिथे कुठे वेळ अजून ३२ बिटांच्या चिन्हासहित आकड्यात ठेवली असेल, तिथला आकडा भरून उलटेल. ही तारीख बरेच जण पाठ म्हणून दाखवतात. मला मात्र ती कागदावर काढायला आवडते, कारण हिशोब जेमतेम चार ओळींचा आहे आणि त्यात शाळेच्या पलीकडचं काही लागत नाही.

युनिक्सच्या जगात वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सरलेले सेकंद. बत्तीस बिटांतलं सर्वांत वरचं बिट ऋण आकड्यांसाठी राखलेलं, म्हणजे धन बाजूला मोजायला उरली एकतीस. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. भाग दिला की २४,८५५ पूर्ण दिवस आणि वर ११,६४७ सेकंद. हे उरलेले सेकंद म्हणजेच ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद. वेळ मिळाली, आता तारीख. १९७० ते २०३७ ही अडुसष्ट वर्षं, प्रत्येकी ३६५ दिवस धरून २४,८२० दिवस. मधली लीप वर्षं १९७२ पासून २०३६ पर्यंत सतरा. बेरीज २४,८३७. हातात राहिले अठरा दिवस आणि १ जानेवारीपासून अठरा दिवस पुढे गेलं की १९ तारीख. वार हवा असेल तर २४,८५५ ला सातने भागा, बाकी पाच. १९७० चा पहिला दिवस गुरुवार होता, त्यापुढचा पाचवा मंगळवार.

आता गंमत पुढच्या सेकंदाची. एकतीसही बिटं एक झालेली आहेत, त्यात आणखी एक मिळवला की हातचा एकेक घर चढत थेट चिन्हाच्या बिटापर्यंत जातो. खालची सगळी बिटं शून्य, वरचं एकटं एक. त्या बिटाची किंमत उणे २,१४,७४,८३,६४८. घड्याळ शून्यावर येत नाही, १९७० लाही जात नाही. ते थेट १९७० च्या पलीकडे, तेवढंच मागे जाऊन पडतं. मागचा हिशोबही तसाच बसतो, कारण १९०२ ते १९६९ या अडुसष्ट वर्षांतही लीप वर्षं बरोबर सतराच आहेत. उत्तर येतं १३ डिसेंबर १९०१, शुक्रवार, रात्रीचे ८:४५:५२. लिनक्सवर दोन्ही टोकं पाहता येतात:

```
$ date -u -d @2147483647
Tue Jan 19 03:14:07 UTC 2038
$ date -u -d @-2147483648
Fri Dec 13 20:45:52 UTC 1901
```

(सी भाषेचा नियम एवढंच म्हणतो की चिन्हासहित आकडा ओतू गेला तर काय होईल याची हमी नाही. व्यवहारात मात्र बहुतेक ठिकाणी १९०१ च दिसतं.)

ग्रहणाची तुलना मी उगाच केली नाही. पृथ्वी स्वतःभोवती जराशी अनियमित फिरते, म्हणून दूरच्या ग्रहणाची घड्याळी वेळ थोडी इकडेतिकडे होऊ शकते. आपली ही वेळ तशी हलत नाही. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला १९७२ पासून यूटीसीत २७ जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातले गेले, पण युनिक्सच्या मोजणीने ते हिशोबातच धरले नाहीत. तिच्या लेखी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा. त्यामुळे खरोखर सरलेले सेकंद काउंटरपेक्षा जास्त आहेत, पण ३:१४:०७ जागचं हलत नाही. तारीखही सगळीकडे १९ नसेल म्हणा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा १८ जानेवारीची रात्र असेल, सव्वादहाच्या सुमाराची.

एवढी पक्की तारीख असूनही तिची गाठ त्याच दिवशी पडेल असं मात्र नाही. प्रोग्रॅम आजची वेळ नुसती वाचत नाहीत, तिच्यात काहीबाही मिळवतातही. एओएलसर्व्हर नावाचा एक वेब सर्व्हर होता. त्यात डेटाबेसच्या जोडणीला टाइमआउट द्यावा लागे, आणि ‘कधीच तोडू नकोस’ हे सांगायला लोकांनी एक मोठा गोल आकडा टाकलेला असे: एक अब्ज सेकंद. म्हणजे जवळपास बत्तीस वर्षं, म्हणजे कधीच नाही. विचार वावगा नव्हता. पण सर्व्हर करायचा काय, तर आताच्या वेळेत ते अब्ज मिळवून मुदत काढायचा. २,१४,७४,८३,६४८ मधून एक अब्ज वजा करा, उरतात १,१४,७४,८३,६४८. वरच्याच पद्धतीने तारीख काढली तर १३ मे २००६, यूटीसीनुसार रात्रीचे १:२७:२८. त्या सेकंदापासून बेरीज ओतू जाऊ लागली, बत्तीस वर्षांनंतरची मुदत विसाव्या शतकाच्या आरंभी जाऊन पडली आणि सर्व्हर कोसळू लागले. आदल्या दिवशी बिनतक्रार चाललेली तीच सेटिंग. टाइमआउटचा आकडा लहान केला की दुखणं थांबतं, पण अंगावर आलेल्या बिघाडाचा संबंध २०३८ शी आहे हे कुणाला पटकन सुचणार? मला तर २०३८ पेक्षा २००६ चीच ही तारीख जास्त बोलकी वाटते. तीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडणाऱ्या प्रोग्रॅमला हेच टोक २००८ च्या जानेवारीत लागतं.

म्हणून शोधायचं तर वजाबाकी करून शोधावं: तुमचा प्रोग्रॅम जास्तीत जास्त किती पुढे पाहतो, तेवढं मागे या. चाचणीच्या यंत्रावर घड्याळ २०३८ च्या पलीकडे नेऊन पाहणं हा दुसरा उपाय, पण त्यात सर्टिफिकेटांच्या मुदती संपून भलत्याच कारणाने आरडाओरड सुरू होते आणि खरा दोष त्या गलक्यात हरवतो. पडद्यावर १९०१ दिसलं तर मात्र शंका घ्यायला जागा नाही.

इलाज सेकंदांना ६४ बिटं देण्याचा, आणि तो बऱ्याच ठिकाणी होऊनही गेला आहे. ३२ बिटी यंत्रांसाठीसुद्धा लिनक्सच्या कर्नेलने २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीत, ही सोय पुरी केली. खरा त्रास डिस्कवर लिहून ठेवलेल्या वेळांचा, कारण कर्नेल बदलल्याने जुन्या रकान्याची रुंदी वाढत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या `TIMESTAMP` या प्रकारात आजही ३:१४:०७ च्या पुढची वेळ ठेवता येत नाही. `DATETIME` घ्यावा लागतो. चिन्हाचं बिट काढून टाकलं तर २१०६ पर्यंत मुदत मिळते खरी, पण मग १९७० च्या आधी जन्मलेल्यांची सोय लागत नाही.

६४ बिटं घेतली की सेकंद सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरतात. मात्र तारीख छापताना सी भाषा ते सेकंद वर्ष, महिना, दिवस अशा रकान्यांत फोडते. त्यातलं वर्ष `tm_year` या `int` मध्ये, १९०० पासून मोजलेलं असतं, आणि हा `int` सहसा ३२ बिटांचाच. तेव्हा सेकंदांच्या कितीतरी आधी वर्षाचा रकाना भरेल, इसवी सन २,१४,७४,८५,५४७ मध्ये.