पहिला पगार आणि खडूची वाकडी रेघ

बार्शी, रविवार, रात्री साडेदहा.

महिन्यापूर्वी मी बाबांचा एक फोटो टाकला होता. नवा चष्मा लावून ते दुकानाच्या उंबऱ्यात उभे आहेत आणि खाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘पहिला पगार. बाबांना आता सगळे स्पष्ट दिसेल.’ आज त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि त्यांतील दुसरी खोटी ठरली आहे हे माझे मलाच कबूल करावेसे वाटले. ते दोन ओळींत मावणार नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

पगार हाती आला तो २२,७०० रुपये. ठरलेले २४,५०० होते, त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० वजा झाले. (स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर लागत नाही, हे त्या पगारपत्रकामुळे मला प्रथमच कळले.) पुण्यातील खोलीचे भाडे आणि खाणावळ बाजूला काढून आईबाबांसाठी सहा हजार रुपये ठेवले. साडी घ्यावी, घड्याळ घ्यावे असे आधी मनात होते. परंतु दिवाळीला घरी आले असताना मी पाहिले होते की आमच्या घरात दोघांत मिळून एकच चष्मा आहे. आठवडी बाजारातून एकशेवीस रुपयांना आणलेला, दोन्ही डोळ्यांना सारखाच दीड नंबर असलेला. बाबांचे शिवणकाम आटोपले की तोच आईच्या नाकावर चढतो आणि ती तांदूळ निवडायला बसते. तेव्हाच ठरवले की पहिल्या पगारातून दोघांना ज्याचा त्याचा चष्मा.

चष्मा ही गुपचूप आणून हातात ठेवण्यासारखी वस्तू नव्हे, ज्याला द्यायची त्याला दुकानात घेऊन जावे लागते. म्हणून पहिल्या रविवारी दोघांना गावातील एका चकचकीत दुकानात नेले. यंत्रापुढे हनुवटी टेकवून दोघांची तपासणी झाली. बाबांच्या उजव्या डोळ्याला दूरचा नंबर नाही, डाव्याला पाऊण सिलिंडर, म्हणजे भिंगाच्या एकाच दिशेला लागणारा नंबर, निघाला, आणि जवळचा दोन्हींना सव्वादोन. बाजारातील चष्म्यात सिलिंडर नसतोच, त्यामुळे इतकी वर्षे डावा डोळा अंदाजानेच काम करीत होता. दुकानदाराने बिनरेषेची प्रोग्रेसिव्ह काच सुचवली, कारण तिच्यात दूरचे, मधले आणि जवळचे असे सगळे नंबर वरून खाली एकाच भिंगात येतात. फ्रेमसह ५,८०० रुपये झाले. आई म्हणाली, ‘‘आधी ह्यांचं होऊ दे, माझं पुढच्या पगारात बघू.’’ मी रागावले, पण पैसेही तेवढेच होते. पहिल्या पगाराची वस्तू सगळ्यांत चांगलीच असली पाहिजे, असा माझा हट्ट होता. चांगली कोणासाठी, हे मी विचारले नव्हते.

त्यानंतर रोज रात्री व्हिडिओ कॉल केला की बाबांच्या डोळ्यांवर नवा चष्मा असे. ‘‘एकदम झकास दिसतं,’’ असे ते म्हणत. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी दुपारी अचानक फोन केला, तर तो आईने उचलला आणि मागे बाबा मशीनवर बसलेले दिसले, बाजारातलाच चष्मा लावून. आईने आधी विषय टाळला, मग हळूच सांगितले, ‘‘अगं, तुझा फोन यायच्या वेळेला घालतात नवा. कापडावर आखलेली रेघ वाकडी दिसते म्हणतात त्यातनं. पायरी उतरतानाही हलल्यासारखं होतं. पण तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे.’’

चाळीस वर्षे ज्यांनी खडूने सरळ रेघ मारली, त्यांना माझ्या पहिल्या भेटीतून ती रेघ वाकडी दिसत होती, आणि मुलीला वाईट वाटू नये म्हणून ते रोज दहा मिनिटे ती भेट डोळ्यांवर चढवून बसत होते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी बाबांना यंत्रापुढे बसवण्याआधी विचारले, ‘‘काका, काम काय करता?’’ आणि मग, ‘‘सुई डोळ्यांपासून किती लांब असते?’’ बाबांनी गळ्यातला टेप काढला. शिंप्याच्या गळ्यात तो रविवारीही असतो. मशीनवर बसल्यासारखे वाकून त्यांनी मापून सांगितले, ‘‘सुई सतरा इंच. कापायच्या टेबलावर उभा राहिलो की कापड सव्वीस इंच.’’ बाईंनी हे दोन आकडे लिहून घेतले आणि त्यांवरून आम्हाला जो हिशेब समजावून सांगितला, तो मला शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला कधी इतका कळला नव्हता. शंभरला नंबराने भागले की किती सेंटीमीटरवर नेमके दिसेल ते येते. सव्वादोन नंबराला चव्वेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण सतरा इंच, सुईचे अंतर. दीड नंबराला सहासष्ट, म्हणजे सव्वीस इंच, कापडाचे अंतर. बाजारातला चष्मा बाबांना का सोडवत नव्हता याचे उत्तर त्यात होते. कापण्यासाठी तो अगदी जुळत होता. फक्त सुईत दोरा ओवताना तो उणा पडे, आणि म्हणून ते हात लांब करून, मान मागे घेऊन ओवत असत. ती मान मागे घेण्याची लकब मला लहानपणापासूनची वाटत होती. आठवून पाहिले, तर ती मी नववीत गेल्यानंतरची आहे.

प्रोग्रेसिव्ह काच वाईट नव्हती, ती त्यांच्या कामाची नव्हती. तिच्यात मधल्या अंतराचा स्वच्छ पट्टा अरुंद असतो आणि दोन्ही कडांना प्रतिमा वाकते. वाचणारा माणूस मान वळवून निभावून नेतो, पण दीड मीटर पसरलेल्या कापडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवणाऱ्याला रेघ कडेला जाऊन वाकलेलीच दिसणार. शिवाय दुकानदाराने दिलेली फ्रेम दिसायला बारीक आणि देखणी होती, पण तिची उंची कमी असल्यामुळे काच कापताना खालचा, जवळच्या नंबराचा भाग बराचसा कापला गेला होता. बाईंनी बाबांना सरळ समोर पाहायला सांगून भिंगावर पेनाने बाहुलीच्या जागी ठिपका काढला आणि ठिपक्यापासून खालच्या कडेपर्यंत पट्टी लावून दाखवली. वाचायचा नंबर पूर्ण भरेपर्यंत काचच संपत होती. हे माप फ्रेम निवडतानाच घ्यायचे असते. आमचे कोणी घेतल्याचे आठवत नाही.

कापलेली काच परत होत नाही. पाच हजार आठशे रुपयांचा तो चष्मा आता लग्नकार्याला घालायचा, असे बाबांनी जाहीर केले. कामासाठी बाईंनी साधी रेघेची बायफोकल सुचवली, पण नेहमीची नव्हे. नेहमीच्या बायफोकलमध्ये वर दूरचा नंबर असतो. इथे वर सव्वा आणि खाली सव्वादोन, म्हणजे वरून कापड आणि खालून सुई. नेमका दीड का नाही असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की या वयातही डोळ्याची स्वतःची थोडी ताकद उरलेली असते, तिच्यावर पाव नंबर सोडला तर मागेपुढे सरकायला जागा मिळते. डाव्या काचेत सिलिंडर घातला. हा चष्मा लावून रस्त्यावर चालायचे नाही, गाडी तर मुळीच चालवायची नाही, कारण दूरचे त्यातून धूसर दिसते, असे त्यांनी दोनदा बजावले. फ्रेम जाड आणि चांगली उंच आहे. किंमत १,६५० रुपये. फोटोत ती मुळीच शोभत नाही.

मग आईची पाळी आली. ती खुर्चीत बसता बसता कौतुकाने म्हणाली, ‘‘माझं काही लागेलसं वाटत नाही. दोन महिने झाले, पोथी बिनचष्म्याची वाचते मी. टीव्ही तेवढा जरा धुरकट दिसतो.’’ मला आनंद झाला. बाईंना झाला नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, ‘‘मावशी, साखर कधी तपासली होती?’’

आईला मधुमेह आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ती गोळी कधी विसरते हेही. रक्तातील साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की डोळ्यातले भिंग फुगते, नंबर उणेकडे सरकतो, जवळचे आपोआप दिसू लागते आणि दूरचे धूसर होते. मोतीबिंदूच्या एका प्रकारातही असेच होते. त्यामुळे या वयात चष्मा ‘सुटला’ की आधी शंका घ्यायची असते. आज नंबर काढून चष्मा केला, तर साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत तोच नंबर चुकीचा ठरेल, असे सांगून बाईंनी काच करायला चक्क नकार दिला. पहिल्या दुकानात कोणी साखरेबद्दल विचारले नव्हते. आईने ‘‘आधी ह्यांचं’’ म्हटले नसते, तर तिच्यासाठीही एक महागडी चुकीची काच तयार झाली असती.

दुसऱ्या दिवशी रक्त दिले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा ९.४ आला, तो सात किंवा त्याच्या आसपास असायला हवा. डॉक्टरांनी औषध बदलले. डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून पडदाही तपासून घेतला, कारण साखरेने पडद्याला इजा होऊ लागली तरी सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही. पडदा सध्या ठीक आहे, दरवर्षी दाखवायचा आहे. थेंबांमुळे आईला संध्याकाळपर्यंत उजेड सोसवत नव्हता. पदर डोळ्यांवर ओढून ती रिक्षात माझ्या खांद्याला टेकून बसली आणि म्हणाली, ‘‘एवढ्या पैशात साडी आली असती की गं.’’ मी हसले. खरे तर मला रडू येत होते, पण तिला दिसले नसते हे बरे झाले.

तिची फ्रेम मात्र तिने त्याच दिवशी निवडून ठेवली, तपकिरी रंगाची, पैसे भरून. काच दीड-दोन महिन्यांनी, साखर स्थिरावल्यावर, पुन्हा तपासून बसवायची. म्हणजे आईची भेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या पगारापर्यंत लांबली.

बाबांचा कामाचा चष्मा काल आला. आज सकाळी ते कोणाला काही न बोलता दुकान उघडून बसले. मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मान मागे न घेता दोरा ओवला आणि मग मुद्दाम पुन्हा उपसून दुसऱ्यांदा ओवून दाखवला. फोटो काढू का विचारले, तर म्हणाले, ‘‘त्या दुसऱ्या चष्म्यातला काढ, तो बरा दिसतो.’’

दुपारी त्यांनी सुटाच्या उरलेल्या कापडातून चष्म्याची खोळ शिवली, आतून मऊ अस्तर लावून. एक झाल्यावर दुसरी शिवायला घेतली. ती आता कपाटावर आहे, आत आईची बिनकाचेची फ्रेम.