गैरहजेरीचा भाव

नीतिशास्त्राच्या वर्गात मतविक्रीचा विषय निघाला की सगळ्यांचं चटकन एकमत होतं आणि तासाची मजाच जाते. मत विकणं वाईट, हे सर्वांना मान्य. का वाईट, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. म्हणून यंदा व्याख्यान न देता वर्गातच बाजार भरवला.

वर्गात २१ मुलं. प्रश्न खराच ठेवला, कारण लुटुपुटुच्या प्रश्नावर कोणी मत विकत घ्यायला जात नाही: सत्रपरीक्षा तोंडी घ्यायची की लेखी? आधी हात वर करायला लावले. ९ जण तोंडीच्या बाजूचे, १२ लेखीच्या. तोंडीवाल्यांतल्या एका चळवळ्या मुलाला दलाल नेमलं आणि त्याच्या हाती प्लास्टिकच्या चकत्यांची पिशवी दिली. ५ चकत्या जमवल्या की एका आठवड्याच्या टिपणातून सुटका. शेवटच्या फेरीचा निकाल मी पाळेन, असंही सांगून टाकलं.

पहिल्या फेरीत त्याने तीन लेखीवाल्यांना पाच-पाच चकत्या दिल्या. पेटी उघडली, तर तोंडी ९, लेखी १२. तिघांनी चकत्या खिशात टाकल्या आणि मत आपल्या मनासारखंच दिलं होतं. "मॅडम, यांनी फसवलं!" दलाल ओरडला. कोणी फसवलं, हे त्याला सिद्ध करता येईना. गुप्त मतदानाकडे आपण मतदाराची सोय म्हणून बघतो. पण ते मतदाराकडून एक गोष्ट काढूनही घेतं: आपण कुणाला मत दिलं याचा पुरावा त्याने दाखवायचा म्हटलं तरी त्याच्याकडे नसतो. आणि पुरावा नसलेला माल विकत कोण घेणार? सरकारने छापलेली आणि आडोशाला जाऊन भरायची मतपत्रिका ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली आणली, ब्रिटनने १८७२ साली.

दुसऱ्या फेरीत मात्र पोराने मलाच चकवलं. मोजताना पेटीत २० मतपत्रिका निघाल्या आणि एक कोरा, घडी घातलेला वहीचा कागद. तोंडी ११, लेखी ९. मी वाटल्या होत्या २१. तो कागद हातात आला तेव्हा उलगडा झाला. पहिल्या विकाऊ मतदाराने आपली कोरी मतपत्रिका खिशात घालून आणली आणि पेटीत नुसता कागद टाकला. दलालाने त्या कोऱ्या मतपत्रिकेवर 'तोंडी'ची खूण केली आणि ती दुसऱ्याच्या हाती दिली. दुसऱ्याने भरलेली आत टाकली आणि स्वतःला मिळालेली कोरी बाहेर आणून दाखवली. ती कोरीच पावती. तिसऱ्यानेही तेच केलं. एक मतपत्रिका बाहेर आली की साखळी दिवसभर चालू शकते. यावरचा जुना उपाय साधा आहे: मतपत्रिकेला क्रमांकाची फाडता येणारी पट्टी जोडायची, पेटीत टाकण्याआधी अधिकाऱ्याने क्रमांक जुळवायचा आणि मगच पट्टी फाडायची. तिसऱ्या फेरीला तसंच केलं.

आता हा गप्प बसेल, असं मला वाटलं. तो दारात जाऊन उभा राहिला आणि चार लेखीवाल्यांना चकत्या देऊन बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं. लेखी ८, तोंडी ९. एकही मतपत्रिका बघायची गरज पडली नाही, कारण मत गुप्त असतं, गैरहजेरी उघड असते. हे वर्गातलंच खूळ नव्हे. १८९० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुप्त मतपत्रिका आल्यावर ग्रामीण भागात नेमकं हेच वाढलं. गॅरी कॉक्स आणि मॉर्गन कौसर या अभ्यासकांनी तिथल्या वृत्तपत्रांतल्या बातम्या चाळून १९८१ साली ते मांडलं. आधी पक्ष मतासाठी पैसे देत, नंतर विरोधकांच्या मतदारांना घरी बसण्यासाठी.

म्हणून चौथ्या फेरीला मतदान सक्तीचं केलं. प्रत्येकाने पेटीपर्यंत यायचं. हवी तर मतपत्रिका कोरी टाकायची. विनाकारण गैरहजर राहिलं तर दोन जादा टिपणं. दलालाने बोटांवर हिशोब केला: घरी बसण्याचा भाव आता दंडाहून जास्त द्यावा लागणार. त्याने पिशवी बाकावर ठेवली. खमकी थैली असती तर तो दंडही त्यानेच भरला असता, हे खरं; सक्तीने बाजार महाग होतो, नाहीसा होत नाही. ऑस्ट्रेलियात संसदेच्या निवडणुकीचा दंड २० डॉलर आहे. तरी तिथे सक्ती आली आणि १९२२ मध्ये ६० टक्क्यांच्या आत असलेलं मतदान १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेलं.

आकडा ऐकून वर्ग खूश झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी जागची न उठता म्हणाली, "मी येणार नाही. तोंडी काय नि लेखी काय, मला फरक पडत नाही. तुम्हाला टक्का वाढवायचाय, बाजार मोडायचाय, म्हणून मी चालत यायचं? मग मी तुमचं साधनच झाले. दलालाने निदान मला विचारलं तरी होतं."

या प्रश्नासाठीच मी सगळा खटाटोप केला होता. माणसाला 'केवळ साधन' म्हणून वापरू नका, असं तत्त्वज्ञ कांट १७८५ मध्ये सांगून गेला. त्यातलं 'केवळ' सोडून चालत नाही. दलाल तिची संमती घेत होता, पण फक्त तिचीच. विकलं जात होतं ते उरलेल्या वीस जणांच्या परीक्षेवरचं तिचं वजन, आणि त्या विसांना कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांवरचा अधिकार विकायला एकाची संमती पुरत नाही, असं माझं मत आहे.

पण दलाल चुकला म्हणून सक्ती बरोबर ठरत नाही. टक्का वाढावा, निकाल भारदस्त दिसावा, एवढ्यासाठी तिला उठवलं तर तिचा आक्षेप रास्त आहे. तिथे ती आकड्यातला एक आकडा. तिची गैरहजेरी कुणाला विकत घेता येऊ नये, धाकाने तिला कुणी घरी बसवू नये, हे कारण वेगळं. ते तिच्याच बाजूने आहे आणि तिला स्वतःलाही मान्य करता येईल. माझ्या मते सक्तीचं हे एकच समर्थन टिकतं, आणि तेही एका अटीवर: मत कोरं ठेवायची मुभा हवी आणि नकाराचं कारण ऐकून घेतलं गेलं पाहिजे.

"ऐकून घेता का कुठे?" तिने विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात धर्मश्रद्धेमुळे मतदान न करणं हे पुरेसं कारण मानलं आहे, हे मी सांगितलं. मग जड नावाच्या माणसाचा खटला सांगितला. सगळे उमेदवार भांडवलशाहीचे समर्थक, म्हणून मी मत देणार नाही, असं म्हणणाऱ्या या समाजवादी माणसाचं कारण तिथल्या उच्च न्यायालयाने १९२६ मध्ये फेटाळलं. न्यायाधीश हिगिन्स यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

"म्हणजे देवाचं कारण चालतं, डोक्यातलं नाही," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. तिने कारण लिहून दिलं, मी दंड केला नाही. उरलेल्या वीस जणांनी मतं टाकली, लेखी जिंकली. तिला दंडातून सोडलं म्हणून दलालाने तक्रार केली: हिला सूट, तर पुढच्या वेळी माझ्या चौघांनाही लिहायला लावीन. त्याचंही चूक नव्हतं. विकाऊ कारण आणि खरं कारण कागदावर सारखंच दिसतं, ते ओळखायचं कसं, या प्रश्नावर आम्ही पुढचा तास ठेवला.