तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरू आणि भाड्या

"बाई, तुमच्या मराठीच्या वर्गात म्हणे शिव्यासुद्धा शिकवता. चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना हे कशाला? आणि शिकवता तरी कसं?"

एका गृहस्थांनी घरमालकाच्या दारात हात जोडून "नमस्कार काका, मी तुमचा नवीन भाड्या" अशी स्वतःची ओळख करून दिली. त्यांना तिथवर नेणारं व्याकरण मीच शिकवलं होतं, म्हणून.

गृहस्थ तामिळनाडूतले. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचे आणि सिडकोत नुकतीच जागा घेतली होती. वर्गात आमचं सामान्यरूप चाललं होतं: भाडं, भाड्याने, भाड्याचं घर. त्याच आठवड्यात मी रडणारा तो रड्या, बडबड करणारा तो बडबड्या हेही सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही धडे जोडले. भाडं देणारा तो भाड्या! नियम म्हणून बघाल तर दहापैकी दहा गुण. फक्त 'भाड' हा वेगळा शब्द मराठीत आधीपासून बसलेला आहे, वेश्येच्या कमाईतला हिस्सा या अर्थाने, आणि त्यावर जगणारा तो भाड्या, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भाडं देणाऱ्याला आपण निमूटपणे भाडेकरू म्हणतो.

काका आधी गप्प झाले, मग हसले. काकू आत निघून गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. मी विचारलं, "हा शब्द याआधी ऐकला नव्हता का कुठे?" ते म्हणाले, "रोज ऐकतो. लाइनवरची मुलं एकमेकांना म्हणतात, ए भाड्या, पाना दे. आणि हसतात." म्हणजे व्याकरण सांगत होतं शब्द बरोबर आहे, कान सांगत होते शब्द प्रेमाचा आहे. मग चूक कोणाची? शिव्यांना वर्गात जागा नाही असं मी ठरवलं, तरी त्या कारखान्यात, रिक्षात, सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत शिकवल्या जाणारच होत्या, फक्त अर्धवट.

मोठ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. लहानपणी आपण शिवी शिकतो तेव्हा तिच्यासोबत पाठीत धपाटाही शिकतो. शब्द आणि भीती एकत्रच आत जातात. पस्तिशीत शिकलेल्या भाषेत नुसता शब्द येतो, धपाटा येत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेली रागावणी दाखवली-ऐकवली, आणि त्वचेवरच्या घामाच्या सूक्ष्म फरकावरून अंगात किती खळबळ होते ते मोजलं. मातृभाषेत ती जास्त होती, विशेषतः "लाज नाही वाटत?" छापाच्या रागावण्याला. माझ्या वर्गात हे मला यंत्राशिवाय दिसतं. तमिळमधली शिवी आठवून सांगा म्हटलं तर हेच गृहस्थ मान खाली घालतात, आणि मराठीतली तिच्याहून जड शिवी मात्र "पाना दे" इतक्या सहज म्हणून जातात. म्हणून शब्दाचा अर्थ सांगून भागत नाही, वजन सांगावं लागतं.

वजन सांगायला मी आईला हाताशी धरते. फळ्यावर खालून वर अशा पाच पायऱ्या लिहिते: आई गं, आईशप्पथ, आयला, च्यायला, आणि सर्वांत वर नुसत्या टिंबांची रेघ.

"आई गं" म्हणजे दुखलं. कोणासमोरही चालतं, डॉक्टरसमोर तर हमखास. "आईशप्पथ" ही शपथ; कॉलेज रोडवरची पोरं वाक्यागणिक घेतात, पण त्यात अपमान नाही. "आयला" म्हणजे आश्चर्य, थोडं मोकळं-ढाकळं. मित्रांत ठीक, मुलाखतीत नाही. "च्यायला"ला आपण थांबतो आणि शब्द उसवतो. "त्याच्या आईला" यातला "त्या" गळाला, "च्या आईला"चं घासून "च्यायला" झालं, आणि "ला"नंतरचं क्रियापद कोणी बोललंच नाही. ते न बोललेलं क्रियापद म्हणजेच शिवी. ज्यांनी नुकतीच द्वितीया-चतुर्थी शिकलेली असते त्यांचे डोळे इथे चमकतात, कारण "आईला" या रूपापुढे काहीतरी यायला हवं हे त्यांना कळत असतं. "बस चुकली च्यायला" यात कोणाच्या आईचा संबंध उरलेला नाही, नुसता वैताग आहे. तरी आजी का डोळे वटारते? तिच्या कानाला ते गळलेलं अजून ऐकू येतं.

आणि पाचवी पायरी? तिथे "त्याच्या"च्या जागी "तुझ्या" येतो. बाकी शब्द तेच, पण आता समोर माणूस उभा आहे आणि आई त्याची आहे. वैतागाची शिवी झाली. माझा सगळा धडा या एका "तुझ्या"भोवती फिरतो: उद्गार हवेत जातो, शिवी कोणाच्या तरी अंगावर. हे एकदा लक्षात आलं की विद्यार्थी माझ्याशिवायही नवीन शब्द तोलू लागतात.

आता कसं, ते सांगते. हा तास मी सामान्यरूप झाल्यावरच घेते आणि आदल्या तासाला सांगून ठेवते, म्हणजे ज्याला बसायचं नाही त्याने न यावं; कारण विचारत नाही. इतर प्रत्येक धड्यात मी वर्गाला मोठ्याने म्हणायला लावते. या एकाच धड्यात कोणी काही म्हणायचं नाही, ऐकायचं आणि ओळखायचं. ओळखता येणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांना बाकी कशात इतकं पटत नाही. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरवणारी 2001 ची जी चौकट आहे, तिच्यातही बोलचालीतले शब्द आणि बोलण्याचा बदललेला सूर ओळखणं हे वरच्या, सी1 पातळीवर येतं. माझ्या विद्यार्थ्यांची पातळी तेवढी नसते. पण अंबडची लाइन पातळी विचारून बोलत नाही, त्याला मी काय करू?

मग चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकीवर एक प्रसंग आणि एक वाक्य. विद्यार्थ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, कोणासमोर म्हणालं. तिसरा प्रश्न नवख्यांना नेहमी चकवतो. "काय भाड्या, होतास कुठे?" हे दोन मित्रांत लाडाचं, त्याच मित्राच्या वडिलांसमोर फजितीचं, आणि साहेबाने कामगाराला म्हटलं तर सरळ भांडणाचं. शब्द तोच.

केरळच्या एका नर्सबाईंनी या तासाला वेगळाच पैलू आणला. त्यांच्या वॉर्डात सुरगाण्याकडच्या एक आजी होत्या. सुई टोचली की "मेल्या, मुडद्या" सुरू. नर्सबाई शब्दकोशात बघून घाबरल्या होत्या: मेलेला, प्रेत. आजी शाप देतायत की काय? मी विचारलं, आजी नातवाला काय म्हणतात? तर तेच. बायकांच्या तोंडच्या जुन्या शिव्या बऱ्याचशा मरणाच्या असतात, पुरुषांच्या आईबहिणीच्या. "मेल्या" कित्येकदा नुसतं "अरे"च्या जागी येतं. "तुझं तळपट होवो" मात्र नाही. तिथे पूर्ण वाक्य आहे आणि "तुझं"ही आहे. नर्सबाईंनी ते लगेच पकडलं. पुढच्या खेपेला सुई टोचताना त्या आजींना म्हणाल्या, "मेली इथे आहे, मेला सुट्टीवर आहे." आजी हसल्या म्हणे.

शेवटची वीस मिनिटं मी उत्तरांना देते, कारण शिवी ओळखल्यावर करायचं काय हे कोणी शिकवत नाही. "तोंड सांभाळून बोला" हे पुस्तकात सभ्य दिसतं, पण ऐकणाऱ्याला ते आव्हान वाटतं आणि भांडण एक पायरी चढतं. "नीट बोला" बरं. आणि आपण स्वतः "तुम्ही" सोडायचं नाही. मराठीत एकही शिवी न देता अपमान करायचा तर वयाने मोठ्या माणसाला "ए, तू" म्हटलं की झालं. हिंदीतून येणाऱ्यांना हे कळतं, इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना सांगावं लागतं.

एक चिठ्ठी मात्र मी प्रसंगासकट देत नाही. आपल्याकडे काही जातींची नावंच शिवीसारखी वापरतात, आणि बाहेरून आलेल्याला तो साधा शब्द वाटतो. इथे मित्र, लाड, सूर काही चालत नाही. चारचौघांत अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून शिवीगाळ करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ते शब्द मी एकदाच, हळू आवाजात सांगते, म्हणजे कोणी त्यांना म्हणायला लावलं तर ओळखू येतील. त्या दिवशी वर्गात कोणी हसत नाही, आणि हसलं तर मी तास तिथेच थांबवते.

तास फसतोही. एकदा मी सगळ्या शिव्या एका दमात फळ्यावर लिहिल्या. सुटल्यावर जिन्यातून सगळा वर्ग त्या घोकत उतरला. खालच्या मजल्यावर संस्कृतचे वर्ग चालतात. तेव्हापासून फळ्यावर पाच पायऱ्या, त्यातली वरची टिंबांची.

ते तामिळनाडूचे गृहस्थ मागच्या महिन्यात भेटायला आले. म्हणाले, "बाई, लाइनवरच्या मुलांनी काल मलापण भाड्या म्हटलं. हे चांगलं की वाईट?"

"कोण म्हणालं?"

"माझ्याच शिफ्टचा."

"कोणासमोर?"

"टपरीवर. आम्ही चौघंच होतो."

"आणि चहाचे पैसे कोणी दिले?"

"त्यानेच."

"मग आज तुम्ही द्या," मी म्हटलं. "आणि काकूंना यातलं काही सांगू नका."